चाळीस किलोंची मुभा आणि सहापट आकार

ऑगस्ट २०२५ मध्ये मोबाइलवर एक बातमी भराभर फिरली. आता रेल्वे स्थानकांवर विमानतळासारखी बॅगांची वजने होणार आणि जादा वजनाला दंड बसणार, असे तिच्यात म्हटले होते. लोक खवळले. शेवटी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांना सांगावे लागले की यात नवे काही नाही, सामानाच्या वजनाचे नियम कित्येक वर्षांपासून आहेतच. २०१८ च्या जूनमध्येही हेच नाटक झाले होते. जादा सामानाच्या तपासणीची मोहीम जाहीर झाली, ओरड झाली आणि मग ‘ही फक्त जनजागृती’ असा खुलासा आला. डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेतल्या एका लेखी उत्तरात वर्गवार मर्यादा पुन्हा एकदा मांडल्या गेल्या. त्यात एकही आकडा नवा नव्हता.

तरी दर वेळी बातमी नवी वाटते, कारण हा नियम एरवी झोपलेला असतो. बहुतेक स्थानकांवर प्रवाशाची बॅग कोणी काट्यावर चढवत नाही. टीसी तिकीट बघतो, सीटखाली डोकावत नाही. दिवाळी-छठची गर्दी उसळली किंवा एखादा अपघात झाला, की नियम जागा होतो आणि त्या दिवशी जो सापडेल त्याला तो जाचक वाटतो. म्हणून तो आधीच समजून घेतलेला बरा. तसा तो फार अवघडही नाही.

प्रत्येक वर्गाला वजनाचे दोन आकडे आहेत आणि सगळा गोंधळ त्या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो. पहिला आकडा फुकट किती नेता येते याचा, दुसरा पैसे भरून जास्तीत जास्त किती नेता येते याचा. स्लीपरच्या तिकिटावर ४० किलो फुकट आहे आणि ८० किलो ही कमाल मर्यादा. म्हणजे चाळिसाच्या वर जेवढे होईल तेवढ्याचे पैसे भरायचे, आणि ऐंशीच्या वर गेले तर पैसे देऊनही ते डब्यात ठेवता येत नाही. सेकंड क्लासला, म्हणजे जनरलला, हेच आकडे ३५ आणि ७० आहेत. टू टायर एसी आणि साध्या फर्स्ट क्लासला ५० आणि १००, तर फर्स्ट एसीला ७० आणि १५०. मर्यादा दर प्रवाशामागे आहे. पाच वर्षांच्या पुढच्या आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्या माणसाच्या निम्मे सामान फुकट नेता येते.

राहिला थ्री टायर एसी, आणि खरी गंमत तिथेच आहे. थ्री टायर एसी आणि एसी चेअर कारला फुकट ४० किलो, आणि कमाल मर्यादाही ४० किलोच! स्लीपरचा प्रवासी जादा पैसे भरून ऐंशी किलोपर्यंत जाऊ शकतो. त्याच्यापेक्षा कितीतरी महाग तिकीट काढलेल्या थ्री टायर एसीच्या प्रवाशाला मात्र एक्केचाळिसावा किलो डब्यात न्यायची सोय नाही. तो गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये टाकावा लागतो. कोकणातून परतताना गावचे तांदूळ, कोकम, फणस आणि आंब्याची पेटी घेऊन ऐटीत थ्री टायरमध्ये चढणाऱ्या चाकरमान्याने हे ध्यानात ठेवावे. सामान खूप असेल तर नियमाने बघता स्लीपरचे तिकीट सोयीचे.

वजनापेक्षा जास्त लोक ज्यात अडकतील ती गोष्ट म्हणजे आकार, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. डब्यात नेण्याच्या ट्रंक, सुटकेस किंवा खोक्याचे बाहेरून माप १०० सेंटीमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच यापेक्षा मोठे असता कामा नये. थ्री टायर एसी आणि एसी चेअर कारला ही मापे आणखी आखूड आहेत, ५५ लांब, ४५ रुंद आणि साडेबावीस उंच. माप यापेक्षा मोठे भरले, तर वजन कितीही कमी असो, ती वस्तू नियमाने ब्रेक व्हॅनची.

आता घरातली एखादी मोठी चाकांची बॅग काढा आणि शिवणकामाची टेप लावा. दुकानदार जिला अठ्ठावीस इंची म्हणतो ती बॅग चाकांसकट साधारण पंचाहत्तर सेंटीमीटर लांब, पन्नास रुंद आणि तीस जाड भरते. लांबी-रुंदी स्लीपरच्या मापात बसते, जाडी बसत नाही. चेन उघडून बॅग आणखी फुगवली असेल तर विचारायलाच नको. थ्री टायरच्या मापात तर ती कोणत्याच बाजूने बसत नाही. तिथे चालणारी बॅग विमानात डोक्यावरच्या खणात ठेवतात तेवढीच. म्हणजे कागदावरचा नियम काटेकोर लावला, तर मुंबईहून नागपूरला थ्री टायरने निघालेल्या प्रत्येक कुटुंबाची निदान एक बॅग बेकायदा ठरेल. हे माप पत्र्याच्या ट्रंका आणि वळकट्यांच्या जमान्याला शोभणारे आहे, आणि ते बदलायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे. बदल होत नाही तोवर, नवी बॅग घेताना लिटरच्या आकड्याऐवजी जाडी बघावी. खालच्या बर्थखाली सरकते की वाटेत उभी राहते, ते जाडीवरच ठरते, आणि टीसीची नजर वाटेत उभ्या असलेल्या बॅगेवरच जाते.

आकारमानाचा नियम कधी जागा होतो याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरला जाणारी, आरक्षण नसलेल्या डब्यांची अंत्योदय एक्सप्रेस फलाटाला लागत असताना चेंगराचेंगरी झाली. दिवाळी आणि छठसाठी गावी निघालेले लोक धावत्या डब्यांना लटकू लागले आणि काही जण जखमी झाले. नंतर पश्चिम रेल्वेने सामानाच्या मर्यादा काटेकोर पाळल्या जातील असे जाहीर केले. स्कूटर, सायकल यांसारख्या वस्तू आणि १०० बाय १०० बाय ७० सेंटीमीटरपेक्षा मोठी पार्सले फुकट सामानात धरली जाणार नाहीत, याची आठवणही करून दिली. गर्दीच्या फलाटावर बोचकी अडचण करतात आणि माणूस पडला की उठायला जागा उरत नाही, हे त्यामागचे कारण. तिथे प्रश्न रेल्वेच्या महसुलाचा नव्हता.

मर्यादा ओलांडली तर काय होते? इथे तीन पायऱ्या आहेत. फुकट मर्यादेच्या वर थोडी सूट धरलेली असते. स्लीपर, थ्री टायर, टू टायर आणि सेकंड क्लासला ती दहा किलो, फर्स्ट एसीला पंधरा. बुक न केलेले सामान सापडले आणि जादा वजन या सुटीच्या आत असेल, तर लगेजच्या दराच्या दीडपट आकार घेतात. त्याच्याही पलीकडे गेले तर सहापट. इथे एक मेख आहे. एकदा सूट ओलांडली की ती वजा होत नाही, फुकट मर्यादेच्या वरच्या सगळ्या वजनावर सहापट लागते. स्लीपरमध्ये ४९ किलो घेऊन सापडलेला माणूस थोडक्यात सुटतो. ५५ किलोवाला मात्र पंधराच्या पंधरा किलोंवर सहापट भरतो.

२०१८ च्या मोहिमेच्या वेळी या हिशेबाचे एक उदाहरण वर्तमानपत्रांतून आले होते. दर त्यानंतर बदलू शकतात, पण प्रमाण कळायला ते चांगले आहे. स्लीपरचा प्रवासी, अंतर ५०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते अहमदाबादपेक्षा किंचित जास्त. सामान ८० किलो. त्यातले ४० फुकट, ४० जादा. निघण्याआधी हे ४० किलो ब्रेक व्हॅनसाठी बुक केले तर १०९ रुपये. बुक न करता गाडीत सापडले तर सहा गुणिले १०९, म्हणजे ६५४ रुपये. मोठ्या स्थानकावर हमाल एवढे सामान पुलावरून पलीकडे न्यायचे जे सांगतो, त्याच्या आसपासच ही बुकिंगची रक्कम आहे. लोक ती भरत नाहीत याचे कारण पैसा नसून लगेज ऑफिसची रांग आणि ‘बघू, कोण विचारतंय’ ही वृत्ती आहे.

हा आकार निघतानाच लागेल असे नाही. वाटेत लागू शकतो, उतरल्यावर फाटकाशीही लागू शकतो. तो घेणाऱ्या कर्मचाऱ्याने पावती दिलीच पाहिजे, मग ती हातातल्या यंत्रातून निघालेली असो वा पावतीपुस्तकातली. तिच्यावर वजन, अंतर आणि रक्कम आहे ना ते बघून घ्या. ‘पावती कशाला, दोनशे द्या आणि मिटवा’ असे कोणी म्हणाले, तर ते दोनशे रेल्वेच्या तिजोरीत जात नाहीत, आणि पुढच्या स्थानकावर दुसऱ्या तपासनिसाने अडवले तर दाखवायला तुमच्या हातात काही नसते. वजनाबद्दल शंका असेल तर काट्यावर मोजून दाखवा म्हणण्याचा हक्क तुमचा आहे. नुसत्या नजरेने ‘साठ किलो असेल’ म्हणून साठ किलोचे पैसे देऊ नयेत.

बुक करायचे ठरवले तर काम असे चालते. गाडी सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी लगेज ऑफिसात पोहोचावे, अशी रेल्वेची अपेक्षा आहे. माझ्या मते मोठ्या स्थानकावर दीड तास तरी हातात हवा. सामानावर नाव, पत्ता, कुठून कुठे हे ठळक लिहिलेले असावे. जुनी लेबले आणि जुन्या स्थानकांची नावे खरडून काढावीत, कारण चुकीच्या ठिकाणी उतरलेल्या सामानाच्या गोष्टी बहुधा तिथूनच सुरू होतात. तिकीट दाखवले की वजन होते, पैसे घेतात आणि पावती मिळते. बांधणी कच्ची असेल तर घेणारा तसा शेरा मारून तुमची सही घेतो. पुढे काही फुटले तर त्या शेऱ्याचा उपयोग तुम्हाला होत नाही, रेल्वेला होतो. म्हणून सुतळीत कंजूषी करू नये. पोहोचल्यावर सामान लवकर सोडवून घ्यावे, ठरलेली मुदत उलटली की पडून राहिल्याचे वेगळे पैसे चढतात.

इथे लगेज आणि पार्सल यांची गल्लत होते. लगेज तुमच्या तिकिटावर, तुमच्याच गाडीने जाते. पार्सलला प्रवासाचे तिकीट लागत नाही आणि ते तुमच्याच गाडीने जाईल याची खात्री नसते. मुलाची मोटारसायकल पुण्याहून बंगळूरला पाठवायची तर ती पार्सलने पाठवली तरी चालते, फक्त टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून आणि गाडीच्या कागदांची प्रत जोडून. व्यापाऱ्याचा विक्रीचा माल मात्र स्वतःचे सामान म्हणून डब्यात नेता येत नाही, वजन मर्यादेत असले तरी. साड्यांचे चार गठ्ठे बर्थखाली ढकलून ‘लग्नाचा बस्ता आहे’ म्हणणाऱ्यांना टीसी ओळखून असतात. कुत्रे न्यायचे तर फर्स्ट एसीचा कूपे किंवा पूर्ण केबिन ताब्यात हवी. नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत ठेवून पाठवायचे. बुक न करता नेलेल्या कुत्र्यालाही सहापटच.

बुकिंगचा दुसरा फायदा लोकांना क्वचितच ठाऊक असतो. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० प्रमाणे, ज्या सामानाची रेल्वेने पावती दिलेली नाही ते हरवले, चोरीला गेले किंवा मोडले तर रेल्वे जबाबदार नाही. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाबाबत तर रेल्वेच्या कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण होते. कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये गाडीत चोरीला गेले म्हणून एका प्रवाशाने ग्राहक मंचाकडे दाद मागितली आणि खालच्या मंचांनी भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रवाशाला स्वतःच्या वस्तू सांभाळता आल्या नाहीत तर त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही, असा तो निकाल. बुक केलेल्या सामानालाही मर्यादा आहे. किंमत आधी जाहीर करून तिच्यावरचा जादा आकार भरला नसेल, तर भरपाई किलोला शंभर रुपयांच्या हिशेबाने बांधलेली असते. दहा किलोच्या पेटीत पैठणी असो वा पातेली, हजाराच्या वर काही नाही. दागिने आणि रोकड बुकिंगमध्ये टाकू नयेत, ते याचसाठी.

आता बंदी असलेल्या वस्तू. इथे सहापट-दीडपट असा हिशेब नाही, थेट फौजदारी आहे. स्फोटके, फटाके, पेट्रोल, रॉकेल, गॅसचे सिलिंडर, स्टोव्ह, आम्ले आणि चटका बसेल अशी रसायने, यांपैकी काहीही डब्यात नेता येत नाही. कलम १६४ प्रमाणे धोकादायक माल गाडीत आणणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई त्याच्याच माथी. इतरांना त्रास होईल अशा, दुर्गंधी वगैरे असलेल्या मालासाठी कलम १६५ आहे, त्यात दंड पाचशे रुपयांपर्यंत. कायद्यात सुकटीचे नाव घेतलेले नाही. पण उन्हाळ्यात बंद एसी डब्यात सैल पिशवीतली सुकट उघडणाऱ्याला कायद्याआधी शेजारचे बर्थवालेच शिक्षा देतील.

लोक फसतात ते रोजच्या वापरातल्या वस्तूंमुळे. गावाहून शहरात खोली घेतलेला विद्यार्थी घरचा छोटा सिलिंडर पोत्यात गुंडाळून आणतो. ‘रिकामा आहे’ हे उत्तर चालत नाही, रिकाम्या सिलिंडरलाही बंदी आहे, कारण आत थोडा गॅस नेहमीच उरतो. सवलत आहे ती फक्त रुग्णाच्या ऑक्सिजन सिलिंडरला, त्याच्या स्टँडसकट आणि विनाशुल्क. इन्व्हर्टरची भरलेली बॅटरी म्हणजे आम्लाची पेटी. संडास धुण्याचे ॲसिड, फरशीचा चिकटा काढायचे थिनर, हे सगळे त्यातच मोडते. लहान मुलांच्या फुलबाज्यांचे पाकीटही फटाक्यांतच धरले जाते.

बंदीचे कारण बघायचे तर मदुराईची घटना बघावी. ऑगस्ट २०२३ मध्ये लखनौहून निघालेला एक खासगी यात्रेचा डबा वेगवेगळ्या गाड्यांना जोडला जात दक्षिणेत पोहोचला होता. २६ ऑगस्टच्या पहाटे तो मदुराई स्थानकाच्या आवारात उभा होता. आतल्या काही जणांनी चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा करायला घेतला आणि डबा पेटला. नऊ माणसे गेली. डबा चालत्या गाडीत नव्हता, उभा होता, तरी नऊ.

असे का होते ते समजायला गॅसचा स्वभाव कळला पाहिजे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो आणि बर्थखालच्या सामानाच्या पोकळ्यांत साचतो. घरात खिडकी-दार उघडता येते. एसी डब्याच्या खिडक्या बंदच असतात, आणि आत रेक्झिन, पडदे, पांघरुणे, माणसांचे कपडे, सगळे जळणारे. एका ठिणगीत आग पोहोचते तिथे वाट आधीच बोचक्यांनी भरलेली असते. फुकट मर्यादेचा, मापांचा आणि बंदीचा नियम इथे एकत्र येतात. जादा सामानाने अडलेली वाट आणि पेटू शकणारा सिलिंडर, दोन्ही एकाच डब्यात असले की सुटका अवघड होते.

डब्यात सिलिंडर, स्टोव्ह किंवा फटाक्यांची पेटी दिसली, रॉकेल-पेट्रोलचा वास आला, तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून पांघरूण ओढून घेऊ नका. टीसीला सांगा, नाहीतर १३९ वर फोन करून गाडीचा क्रमांक, डबा आणि बर्थ सांगा. हा क्रमांक रेल्वेच्या सगळ्या तक्रारींसाठी आहे आणि चोवीस तास चालू असतो.